सीए इंटरमिजिएटचा ग्रुप राहिला: निकालापासून पुढच्या अटेम्प्टपर्यंत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत सीएच्या विद्यार्थ्यांना निकालानंतर भेटण्याचे काम मी गेली काही वर्षे करतो आहे. इंटरमिजिएटचा पहिला ग्रुप माझाही एकदा राहिला होता. तेव्हा गुणपत्रिकेकडे नीट न पाहताच मी सगळा अभ्यास पहिल्या पानापासून पुन्हा सुरू केला आणि त्यात माझे कितीतरी आठवडे वाया गेले. खालचे प्रश्न विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी पुन्हापुन्हा विचारलेले आहेत. उत्तरे इंटरमिजिएटच्या सध्याच्या नव्या अभ्यासक्रमाला धरून आहेत. त्यात दोन ग्रुप, प्रत्येकी तीन पेपर आणि प्रत्येक पेपर १०० गुणांचा असतो.

तिन्ही पेपरांत ४० च्या वर गुण आहेत, तरी निकाल नापास कसा?

उत्तीर्ण होण्यासाठी दोन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. प्रत्येक पेपरात किमान ४० गुण हवेत आणि ग्रुपच्या तिन्ही पेपरांची बेरीज किमान १५० हवी. सगळ्या पेपरांत ४६ गुण मिळाले तर एकही पेपर गेलेला नसतो, पण बेरीज १३८ होते आणि ग्रुप राहतो. हा फरक मी आधी समजावून सांगतो, कारण यावरच पुढची योजना ठरते. पेपर ४० च्या खाली गेला असेल तर एका विषयात मोठी पोकळी आहे. बेरीज कमी पडली असेल तर तिन्ही विषय येतात, पण प्रत्येक ठिकाणी थोडे थोडे गुण सुटत आहेत. पहिल्या प्रकारात विषय शिकावा लागतो आणि दुसऱ्या प्रकारात पेपर लिहिण्याची पद्धत सुधारावी लागते. ‘मी नापास झालो’ या एका वाक्यात या दोन्ही गोष्टी झाकल्या जातात, म्हणून विद्यार्थ्याने निकाल सांगताना तिन्ही आकडे सांगावेत असा माझा आग्रह असतो.

एक्झम्प्शन म्हणजे नक्की काय, आणि ते किती काळ टिकते?

ग्रुपचे सगळे पेपर दिले, ग्रुप राहिला, पण एखाद्या पेपरात ६० किंवा त्याहून अधिक गुण मिळाले, तर त्या पेपरातून पुढच्या लगतच्या तीन परीक्षांपुरती सूट मिळते. तो पेपर पुन्हा द्यावा लागत नाही आणि त्यातले गुण ग्रुपच्या बेरजेत तसेच धरले जातात. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. इंटरमिजिएटची परीक्षा आता जानेवारी, मे आणि सप्टेंबर अशी वर्षातून तीनदा होते, त्यामुळे ‘तीन परीक्षा’ म्हणजे प्रत्यक्षात साधारण एक वर्षच. तुम्ही परीक्षेला बसा किंवा नका बसू, ती परीक्षा मोजली जाते. ‘एक अटेम्प्ट सोडून निवांत करू’ असे ठरवण्याआधी हा हिशेब मांडावा. सूट संपल्यावर काय होते, ते शेवटच्या प्रश्नाच्या आधीच्या उत्तरात दिले आहे.

निकाल लागल्यावर पहिल्या आठवड्यात काय करावे?

पहिले दोन-तीन दिवस काहीही ठरवू नये. वाईट वाटणारच, आणि त्या मनःस्थितीत घेतलेले निर्णय बहुतेक टोकाचे असतात. कोणी दोन्ही ग्रुप एकदम द्यायचे ठरवतो, तर कोणी सीएच सोडायचे ठरवतो. मात्र दोन कामे तारखेशी बांधलेली असल्यामुळे ती करावीच लागतात. निकाल आणि पुढच्या परीक्षेच्या अर्जाची मुदत फार जवळजवळ येतात, त्यामुळे अर्जाची शेवटची तारीख त्याच दिवशी पाहून ठेवावी. आणि उत्तरपत्रिकेच्या प्रमाणित प्रतीसाठी निकालापासून ३० दिवसांच्या आत, सीएची परीक्षा घेणाऱ्या आयसीएआय या संस्थेच्या पोर्टलवर अर्ज करावा.

प्रमाणित प्रत मागवावी की गुणपडताळणी करावी?

ही दोन वेगळी कामे आहेत. गुणपडताळणीत एखादे उत्तर तपासायचे राहिले आहे का आणि बेरीज चुकली आहे का, एवढेच पाहिले जाते. उत्तराला दिलेले गुण कमी वाटतात म्हणून ते वाढवून मिळत नाहीत, कारण आयसीएआयमध्ये पुनर्मूल्यांकनाची तरतूद नाही. प्रमाणित प्रत मागवली की तुमची उत्तरपत्रिका प्रश्नवार गुणांसह तुमच्या हातात येते.

योजना आखायची असेल तर मी प्रमाणित प्रतच मागवायला सांगतो, तीही ज्या पेपरांमुळे ग्रुप राहिला त्यांचीच. बेरीज एक-दोन गुणांनी हुकली असेल तर पडताळणीचा अर्जही जरूर करावा. पण त्याच्या उत्तराची वाट पाहत अभ्यास थांबवू नये आणि पुढच्या परीक्षेचा अर्जही अडवून ठेवू नये. पडताळणीला काही आठवडे लागतात, आणि एवढ्यात पुढची परीक्षा तोंडावर आलेली असते.

उत्तरपत्रिका हातात आल्यावर ती वाचायची कशी?

एका विद्यार्थिनीच्या उदाहरणावरून सांगतो. तिची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. मे महिन्यात तिने पहिला ग्रुप दिला. ॲडव्हान्स्ड अकाउंटिंगमध्ये ४६, लॉमध्ये ६१ आणि टॅक्सेशनमध्ये ४१ असे गुण मिळाले. बेरीज १४८ झाली आणि दोन गुणांनी ग्रुप राहिला. ‘मला टॅक्स येतच नाही’ हे तिचे पहिले वाक्य होते.

आम्ही टॅक्सची प्रमाणित प्रत घेऊन बसलो. पेपरात ३० गुणांचे एमसीक्यू आणि ७० गुणांचे वर्णनात्मक प्रश्न असतात. प्रतीवरचे वर्णनात्मक गुण मोजले तेव्हा ते २४ भरले, म्हणजे ४१ पैकी उरलेले १७ गुण एमसीक्यूचे. एमसीक्यूत ३० पैकी १७ मिळवणारीला विषय अजिबात येत नाही, असे म्हणता येत नाही. मग वर्णनात्मक भागातले गेलेले ४६ गुण आम्ही चार रकान्यांत वाटले. प्रत्येक प्रश्नापुढे तो गुण का गेला, हे तिनेच लिहायचे होते. मी फक्त विचारत होतो.

लिहायचेच राहिले, त्याचे १६ गुण गेले. मुळात माहीत नव्हते, त्याचे १२. उत्तर माहीत होते पण तरतूद लिहिली नाही किंवा वर्किंग नोट दाखवली नाही, त्याचे १०. प्रश्न चुकीचा वाचला, त्याचे ८.

राहून गेलेले सगळे १६ गुण जीएसटीचे निघाले. टॅक्सच्या पेपरात निम्मे गुण आयकराचे आणि निम्मे जीएसटीचे असतात. तिने आयकरापासून सुरुवात केली, एका मोठ्या गणितात ती अडकली, आणि जीएसटीला हात घातला तेव्हा तीन तासांपैकी चाळीसएक मिनिटेच उरली होती. ‘टॅक्स येत नाही’ या वाक्याचा खरा अर्थ ‘आयकरानंतर वेळ उरला नाही’ असा होता. तो कागद पाहून तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, आणि मी तिला धीर देणारे एकही वाक्य बोललो नव्हतो.

असाच हिशेब अकाउंट्सचा केला. तिथे वर्णनात्मक ७० पैकी २६ गुण होते. गेलेल्या ४४ पैकी १९ गुण अर्धवट सोडलेल्या गणितांचे होते, १५ न आलेल्या लेखामानकांचे आणि १० आकडेमोडीच्या चुकांचे.

या हिशेबातून योजना कशी तयार होते?

आधी लक्ष्य ठरवावे. वरच्या विद्यार्थिनीला लॉमध्ये ६१ गुणांची सूट मिळालेली होती. १५० मधून ६१ वजा केले की ८९ उरतात, म्हणजे अकाउंट्स आणि टॅक्स मिळून तिला ८९ हवे होते आणि दोन्हींत किमान ४०. मागच्या वेळी हीच बेरीज ८७ होती.

मग आम्ही ‘माहीत नव्हते’ हा रकाना बाजूला ठेवला आणि त्यातून एकही गुण वाढेल असे धरले नाही. वेळेअभावी आणि मांडणीमुळे गेलेल्या गुणांपैकी निम्मेच परत येतील असे मानले. टॅक्समध्ये राहिलेल्या १६ पैकी ८ आणि मांडणीच्या १० पैकी ५, म्हणजे ४१ वरून ५४. अकाउंट्समध्ये अर्धवट गणितांच्या १९ पैकी ९, म्हणजे ४६ वरून ५५. सूट धरून एकूण १७०. पण मी तेवढ्यावर थांबत नाही. ही अपेक्षित वाढसुद्धा निम्मीच झाली तर काय, हेही पाहतो. तेव्हा टॅक्स ४७, अकाउंट्स ५० आणि एकूण १५८ होतात, तरीही ग्रुप निघतो.

माझ्या मते योजनेची खरी कसोटी हीच आहे. अर्धी फसली तरी जी तगते तिच्यावर विद्यार्थी विसंबू शकतो. सगळे जमले तरच पास होता येईल अशी योजना पहिल्या वाईट दिवशी मोडते आणि तिच्याबरोबर मनही मोडते. तुमच्या आकड्यांत निम्म्याच्या निम्मी वाढ धरून १५० होत नसतील, तर नवा धडा शिकणे भाग आहे, आणि मग पुढची परीक्षा द्यायची की त्यापुढची हा प्रश्न उभा राहतो. त्याबद्दल खाली लिहिले आहे.

मे ते सप्टेंबर किंवा सप्टेंबर ते जानेवारी, निकालानंतर जेमतेम आठ आठवडे उरतात. ते कसे वापरावेत?

पहिला आठवडा उत्तरपत्रिकेच्या हिशेबाला द्यावा. प्रत यायला वेळ लागत असेल तर प्रश्नपत्रिका समोर घेऊन आठवणीने रकाने भरावेत आणि प्रत आली की दुरुस्त करावेत. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी घड्याळ लावून, पूर्ण तीन तासांत, एक पेपर सोडवावा. ‘अजून तयारी झाली नाही’ म्हणून हा पेपर पुढे ढकलायचा नाही, कारण तो तयारी मोजण्यासाठी नसून वेळेची सवय बदलण्यासाठी आहे.

वरच्या विद्यार्थिनीने टॅक्समध्ये दोनच बदल केले. पेपराची सुरुवात जीएसटीने केली, आणि कोणत्याही गणिताला ठरवलेल्या मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला तर ते जिथे असेल तिथे सोडून तिथे खूण करायची. दर आठवड्याला एक असे पूर्ण पेपर तिने सोडवले, त्यासाठी संस्थेचे मॉक टेस्ट पेपर आणि जुने पेपर वापरले, आणि प्रत्येक पेपरानंतर तेच चार रकाने पुन्हा भरले. पहिल्या दोन पेपरांत ‘लिहायचे राहिले’ हा रकाना फारसा हलला नाही. तिसऱ्यात तो १६ वरून ६ वर आला. सप्टेंबरमध्ये तिला अकाउंट्समध्ये ५१ आणि टॅक्समध्ये ४९ मिळाले, आणि ग्रुप निघाला.

एक काम आठ आठवड्यांत विसरू नये. टॅक्स आणि लॉमध्ये लागू होणाऱ्या सुधारणा परीक्षेगणिक बदलू शकतात. त्या परीक्षेसाठीचा आरटीपी, म्हणजे रिव्हिजन टेस्ट पेपर, काढून त्यातले बदल जुन्या नोट्सवर पेनाने उतरवावेत. मागच्या अटेम्प्टच्या नोट्स जशाच्या तशा वाचल्याने चुकणारी उत्तरे मी दरवेळी पाहतो.

क्लास पुन्हा लावावा का?

‘माहीत नव्हते’ हा रकाना सगळ्यांत मोठा असेल तर त्या प्रकरणांपुरता लावावा. बाकीच्या रकान्यांवर क्लासचा काही उपयोग होत नाही. तिथे बसून ऐकण्यात तोच वेळ जातो जो लिहिण्याच्या सरावाला हवा असतो. पूर्ण क्लास पुन्हा लावल्याने काहीतरी करत असल्याचे समाधान मिळते, आणि म्हणूनच हा निर्णय हिशेबाचा कागद समोर ठेवून घ्यावा.

या वेळी दोन्ही ग्रुप एकत्र द्यावेत का?

एकत्र देण्याचा एक खरा फायदा आहे. दोन्ही ग्रुप एकाच परीक्षेत दिले, सहाही पेपरांत किमान ४० मिळाले आणि सहांची बेरीज ३०० झाली, तर दोन्ही ग्रुप निघतात, मग एका ग्रुपची बेरीज १५० पेक्षा कमी असली तरी चालते. पहिल्या ग्रुपमध्ये १३८ आणि दुसऱ्यात १६४ मिळाले, तर बेरीज ३०२ होते आणि विद्यार्थी दोन्हींत उत्तीर्ण होतो. पण एकाही पेपरात ४० च्या खाली गेलात तर हा आधार नाहीसा होतो आणि प्रत्येक ग्रुप स्वतंत्रपणे पाहिला जातो.

म्हणून माझा सल्ला असा, की मागच्या वेळी तिन्ही पेपरांत ४० च्या बरेच वर गुण असतील आणि दुसऱ्या ग्रुपचा अभ्यास एकदा पूर्ण झालेला असेल, तरच दोन्ही द्यावेत. आठ आठवड्यांत सहा पेपर, त्यात तीन कोरे, हा हिशेब जमत नाही. एक ग्रुप राहिला म्हणून ‘आता दोन्ही काढून दाखवतो’ असे म्हणणाऱ्या मुलांची मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते. तो निर्णय अभ्यासावरून घेतलेला नसतो, दुखावलेल्या मनाने घेतलेला असतो.

पुढचीच परीक्षा द्यावी की एक सोडावी?

तीन गोष्टी पाहाव्यात. निम्म्याच्या निम्मी वाढ धरून १५० होतात का, सूट असेल तर तिच्या किती परीक्षा उरल्या आहेत, आणि कॉलेजच्या सत्र परीक्षा त्याच महिन्यात येतात का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल तर पुढचीच परीक्षा द्यावी, कारण वेळेची आणि लिहिण्याची सवय ताजी असते. उत्तर ‘नाही’ असेल आणि सूट नसेल, तर एक परीक्षा सोडून चार महिने जास्त घेणे योग्य ठरते, फक्त त्या परीक्षेच्या दिवशी तोच पेपर अभ्यासिकेत तीन तास बसून सोडवावा. दोन्ही ग्रुप झाल्यावरच दोन वर्षांची आर्टिकलशिप सुरू होते, त्यामुळे घाई होणे स्वाभाविक आहे. पण न जमणाऱ्या योजनेने परीक्षा दिली तर तेच चार महिने जातात आणि वर एक अटेम्प्टही जातो.

एका पेपरात ३९ आले. सगळी योजना त्या पेपराभोवती आखू का?

नाही. ही चूक अनेकांना महागात पडली आहे. ३९ चा पेपर ५० वर न्यायच्या नादात बाकीचे दोन ‘झालेले’ समजून बाजूला ठेवले जातात आणि त्यांचेच गुण पुढच्या वेळी ५२ वरून ४४ वर येतात. ६० च्या खालचा कोणताही पेपर झालेला नसतो, तो पहिल्यापासून पुन्हा मोजला जातो. साधारण निम्मा वेळ अडलेल्या पेपराला आणि उरलेला निम्मा इतर दोघांना, अशी वाटणी मला व्यवहार्य वाटते.

आता प्रश्नपत्रिका समोर आली की हात थरथरतो. हे कसे जाईल?

ज्या पेपरात हे घडले तोच पेपर, तीच प्रश्नपत्रिका, एकदा शांतपणे पुस्तक उघडे ठेवून पूर्ण सोडवावी, वेळ लागेल तेवढा लागू द्यावा. मग चार-पाच दिवसांनी तीच घड्याळ लावून सोडवावी. त्या कागदाची भीती बहुतेक त्यातल्या दोन-तीन जागांशी जोडलेली असते, आणि त्या जागा कोणत्या हे पहिल्या फेरीत दिसते. पेपरापूर्वी मिळणाऱ्या १५ मिनिटांच्या वाचनवेळेत कोणते प्रश्न आधी घ्यायचे याचा क्रम ठरवण्याचा सराव करावा, म्हणजे पहिल्या अवघड प्रश्नाने मन ढासळत नाही.

सप्टेंबरच्या परीक्षेची उजळणी आणि गणेशोत्सव एकाच वेळी येतात. पेठेत राहून अभ्यास होत नाही, काय करावे?

हे वेळापत्रकात आधीच धरावे, त्यावर चिडून उपयोग नाही. ढोल-ताशांचे सराव उत्सवाच्या बरेच आधी सुरू होतात, आणि उत्सवाचे दहा दिवस मध्यवर्ती पेठांत संध्याकाळी शांतता मिळत नाही. पूर्ण पेपर सकाळच्या वेळात ठेवावेत आणि संध्याकाळी पाठांतराऐवजी लिहून करायची कामे घ्यावीत. शक्य असेल तर ते दहा दिवस घरी गावाला किंवा पेठांपासून दूरच्या नातेवाइकांकडे जावे. विसर्जनाच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कोणतेही महत्त्वाचे काम ठेवू नये.

आई-बाबांना काय सांगू? दर फोनला ‘पुढच्या वेळी नक्की ना?’ असे विचारतात.

‘नक्की’ असे वचन देऊ नका. त्यांना गुणांचा कागद दाखवा. ‘आई, मला १४८ मिळाले, १५० हवे होते, लॉ पुन्हा द्यायचा नाही, आणि गुण इथे इथे गेले,’ एवढे सांगितले की बहुतेक घरांत संभाषणाचा सूर बदलतो, कारण तोपर्यंत त्यांच्याकडे ‘नापास’ हा एकच शब्द असतो. मग एकच गोष्ट मागा, की रोजच्या फोनला अभ्यासाची चौकशी नको, दर रविवारी सोडवलेल्या पेपराचे गुण तुम्ही स्वतःहून सांगाल. पालकांनाही मी हेच सांगतो. आठवड्याला एक खरा आकडा कळला की रोज विचारायची गरज त्यांना उरत नाही.

सूट संपली आणि ग्रुप अजून निघालेला नाही. आता?

नव्या योजनेत मुदत संपलेली सूट कायम ठेवण्याचा पर्याय मिळतो, पण त्याची अट कडक आहे. त्या ग्रुपमधल्या उरलेल्या प्रत्येक पेपरात किमान ५० गुण मिळवावे लागतात, ४० पुरत नाहीत. म्हणून पर्याय निवडण्याआधी मागच्या अटेम्प्टचे रकाने पाहावेत. उरलेल्या दोन्ही पेपरांत ५० च्या आसपास असाल तर तो घ्यावा. एक पेपर ४२ वर अडकत असेल आणि सुटलेल्या विषयात पुन्हा ६० मिळवण्याची खात्री असेल, तर तिन्ही पेपर देणे सोपे पडू शकते. हा निर्णय सरसकट सांगता येत नाही.

तिसऱ्यांदा राहिला. थांबावे का?

तिन्ही वेळचे चार रकाने शेजारी शेजारी ठेवावेत. ‘माहीत नव्हते’ हा रकाना दरवेळी आकसत असेल तर अभ्यास चालू आहे, लिहिण्याची पद्धत अडते आहे, आणि ती सुधारते. तो रकाना तीन वेळा जवळपास तेवढाच असेल, तर त्याच पद्धतीने चौथा अटेम्प्ट देऊ नये. जाणत्या माणसाला सगळे कागद दाखवून, इतर वाटांचा विचार करायचा का, हे मोकळेपणाने बोलावे. थांबणे हाही हिशेबाने घेतलेला निर्णय असू शकतो.

मात्र झोप लागत नसेल, जेवण तुटले असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर कागद बाजूला ठेवून आधी घरच्यांना किंवा डॉक्टरांना सांगावे. टेलि-मानस या सरकारी मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६ आहे, तो दिवसरात्र चालू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येते.